आइस हॉकी पाहायला शिका: पॉवर प्लेची दोन मिनिटं, सेकंदासेकंदानं

अमेरिका-कॅनडाच्या पूर्व भागात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. सांगलीत ही वेळ तशी गैरसोयीची नाही. आमचे अण्णा जुने कबड्डीपटू, त्यांचा डोळा साडेचारलाच उघडतो. माझी बहीण टोरांटोजवळ राहते आणि तिचा मुलगा तिथे तेरा वर्षांखालच्या संघात खेळतो. नातवामुळे अण्णांना या खेळाची गोडी लागली, आणि त्यांच्या प्रश्नांमुळे मला नियम धड समजून घ्यावे लागले. सांगली-साताऱ्याच्या बऱ्याच घरांतली मुलं-नातवंडं आता तिकडे आहेत. त्यांच्या सामन्याला बसलेल्या आजी-आजोबांना पहिल्या दहा मिनिटांत एकच तक्रार असते: काही दिसत नाही आणि शिट्टी का वाजली ते कळत नाही.

दिसत नाही, याचं कारण पक. तीन इंच रुंद आणि एक इंच जाड अशी ती रबराची चकती, वजन जेमतेम १६०-१७० ग्रॅम. जास्त उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. मोबाइलवर तिचा पाठलाग करायला जाल तर डोकं दुखेल. सुरुवातीला पक सोडा. बर्फावरच्या रेषा बघा आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेल्या माणसांचे हात बघा. शिट्टीचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आधी मैदान

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग, तिचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. भोवती कंबरेच्या वर येणारी भिंत, तिला बोर्ड म्हणतात, आणि बोर्डांवर जाड काच. पक बोर्डाला आपटून परत आला तरी खेळ चालूच राहतो. बरोबर मध्ये आडवी लाल रेषा. दोन्ही टोकांच्या बोर्डांपासून ७५ फुटांवर एकेक निळी रेषा. गोलच्या तोंडाशी आणखी एक बारीक लाल रेषा, ती गोलरेषा. ती टोकाच्या बोर्डाच्या ११ फूट अलीकडे असते, त्यामुळे गोलच्या मागेही खेळायला जागा उरते.

निळ्या रेषांमुळे मैदानाचे तीन तुकडे पडतात: तुमचा बचावाचा भाग, मधला मोकळा भाग आणि समोरच्याचा भाग, जिथे तुम्ही हल्ला करता. ऑफसाइड निळ्या रेषेवर ठरतं. आयसिंग, म्हणजे पक पार पलीकडच्या टोकाला फेकून देणं, ठरतं ते मधल्या लाल रेषेवर आणि पलीकडच्या गोलरेषेवर.

एका संघाचे सहा जण बर्फावर असतात: गोलकीपर, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात, आणि शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं. खेळाडू बदलायला शिट्टीची वाट बघावी लागत नाही. पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग करायचं, भिंतीवरून उडी मारून बेंचवर बसायचं, दुसरा आत. ही अदलाबदल लक्षात ठेवा, आयसिंगची खरी किंमत तिच्यातच आहे.

पंचांपैकी ज्यांच्या दंडावर नारंगी पट्टी असते ते रेफ्री. ते फाउल पकडतात. पट्टी नसलेले दोघे लाइन्समन. ऑफसाइड आणि आयसिंग त्यांच्याकडे. नारंगी पट्टीचा हात वर गेला तर कुणीतरी दोन मिनिटं बाहेर बसणार. बिनपट्टीचा हात वर गेला तर भानगड रेषेची आहे.

ऑफसाइड: आधी पक, मग माणूस

समोरच्याच्या भागात पक आधी शिरला पाहिजे, तुमचा माणूस नंतर. एवढाच नियम. फुटबॉलमध्ये बचावपटू कुठे उभा आहे यावर ऑफसाइड ठरतं. इथे बचावपटूचा काही संबंध नाही, रेषा जागची हलत नाही.

बारकावा आहे तो रेषेच्या रुंदीत. निळी रेषा चांगली फूटभर रुंद असते. हल्ला करणाऱ्याचे दोन्ही स्केट रेषा पूर्ण ओलांडून आत गेलेले असतील आणि पक अजून रेषेवरच असेल, तर ऑफसाइड. एक पाय आत आणि एक रेषेवर असेल तर चालतं. म्हणून हल्ला सुरू होताना कडेचे खेळाडू रेषेवर एक पाय घासत, शरीर वाकडं करून, पक आत येण्याची वाट बघताना दिसतात. २०२० पासून एनएचएलमध्ये मागचा पाय बर्फाला टेकलेला नसला तरी चालतं, फक्त तो रेषेच्या वर हवेत असला पाहिजे. त्याआधी पाय अर्धा इंच उचलला गेला म्हणून चांगले गोल रद्द झालेले आहेत. पक ज्याच्या पूर्ण ताब्यात आहे तो स्वतः उलटा स्केट करत, पक ओढत आत गेला तर त्याला मात्र माफी असते.

प्रत्येक ऑफसाइडला लगेच शिट्टी होत नाही, आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. समजा तुमचा एक गडी आधीच आत आहे आणि मागच्यानं पक आत ढकलला. लाइन्समन हात वर करतो, पण शिट्टी तोंडातच ठेवतो. आतल्या सगळ्यांनी बाहेर येऊन निळी रेषा शिवली की हात खाली येतो आणि ते पुन्हा आत जाऊ शकतात. तेवढ्यात त्यांच्यापैकी कुणी पकला हात लावला किंवा पक घेतलेल्या बचावपटूवर धावून गेला, तर शिट्टी. फेसऑफ मग निळ्या रेषेच्या बाहेर, मधल्या भागात होतो. फेसऑफ म्हणजे दोघांच्या मध्ये पंचांनी पक टाकायचा आणि ज्याला जमेल त्यानं तो काढून घ्यायचा.

दुसरा गोंधळ उलट्या दिशेचा. हल्ला रंगात आलेला आहे, पाचही जण आत आहेत, आणि बचाव करणाऱ्यानं पक जेमतेम निळ्या रेषेबाहेर काढला. हल्ला करणाऱ्यानं तो लगेच परत आत मारला. तरी लाइन्समनचा हात वर! अण्णा वैतागले, "आरं, ह्यातला कोण फुडं गेला? समदी हुती तिथंच हाईत की!" हुती तिथंच आहेत, हीच अडचण आहे. पक एकदा पूर्ण बाहेर गेला की हिशोब पहिल्यापासून सुरू होतो, सगळ्यांना बाहेर येऊन परत आत जावं लागतं. मात्र पक रेषेवर रेंगाळत असेल तर तो अजून आतच धरला जातो. म्हणून निळ्या रेषेशी उभा असलेला हल्लेखोर लोळण घेऊन, छातीनं, स्टिकच्या टोकानं, कसाही करून पक रेषेवर अडवतो. फूटभर रुंदीसाठी एवढी मरमर का, ते आता कळेल.

आयसिंग: लांब फेकून सुटका नाही

तुमच्यावर दबाव आलाय, धाप लागलीय, पक हाती आला. सगळ्यात सोपं काय? दणका देऊन पलीकडच्या टोकाला पाठवणं. पूर्वी पुढे असलेले संघ पूर्ण सामना असाच काढायचे आणि प्रेक्षक कंटाळायचे. १९३७ मध्ये एनएचएलनं त्यावर आयसिंगचा नियम आणला.

आयसिंग आहे की नाही हे बघताना मनाशी क्रमानं चार प्रश्न विचारा. पक मारणारा मधल्या लाल रेषेच्या आपल्या बाजूला होता का? पक कुणालाही न लागता पलीकडची गोलरेषा ओलांडून गेला का? त्याच्यामागे धावणाऱ्यांत बचाव करणारा पुढे आहे का? आणि मारणाऱ्या संघाचे गडी बर्फावर पुरेसे आहेत का, म्हणजे पेनल्टीमुळे ते समोरच्यापेक्षा कमी झालेले नाहीत ना? चारही उत्तरं होय असतील तर आयसिंग. एकही नाही आलं तर खेळ चालू. पक थेट गोलमध्ये गेला तर अर्थातच तो गोल. समोरचा गोलकीपर पकसाठी गोलसमोरची निळी जागा सोडून बाहेर आला, किंवा समोरच्याला वाटेत पक सहज घेता आला असता असं लाइन्समनला वाटलं, तरी आयसिंग देत नाहीत. अशा वेळी तो दोन्ही हात आडवे फिरवतो. म्हणजे काही नाही, खेळा.

तिसऱ्या प्रश्नाला इतिहास आहे. पूर्वी एनएचएलमध्ये बचावपटूनं पलीकडे जाऊन पकला प्रत्यक्ष हात लावल्यावरच शिट्टी व्हायची. त्यामुळे दोन गडी पूर्ण वेगात टोकाच्या बोर्डाकडे शर्यत लावायचे, आणि त्या वेगात मागून नुसता हलका धक्का लागला तरी माणूस भिंतीवर आदळायचा. एप्रिल २०१३ मध्ये कॅरोलायनाचा बचावपटू योनी पिटकानेन अशाच शर्यतीत आदळला, टाचेचं हाड मोडलं आणि तो एनएचएलमध्ये पुन्हा खेळला नाही. त्याच वर्षीच्या हंगामापासून नियम बदलला. आता शर्यत बोर्डापर्यंत जात नाही. गोलच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या वर्तुळांत मधोमध जे ठिपके आहेत, तिथपर्यंत कोण आधी पोचतोय हे लाइन्समन बघतो. बचाव करणारा पुढे असेल किंवा दोघे बरोबरीत असतील तर तिथेच शिट्टी. हल्ला करणारा पुढे असेल तर खेळ सुरू. या पद्धतीला हायब्रिड आयसिंग म्हणतात.

आयसिंग झालं की फेसऑफ होतो तो ज्यानं पक मारला त्याच्याच गोलशेजारी. पण खरा दणका वेगळा आहे. २००५ च्या हंगामापासून, आयसिंग करणाऱ्या संघाला त्या शिट्टीवर खेळाडू बदलता येत नाहीत, आणि आता टाइमआउटही घेता येत नाही. समोरचा मात्र ताजे पाच गडी उतरवतो. म्हणजे दमले म्हणून ज्यांनी पक फेकला, तेच दमलेले पाच जण आपल्या गोलसमोर परत उभे. फेसऑफच्या आधी कॅमेरा त्यांच्यावर जातो तेव्हा बघा: गुडघ्यावर हात टेकलेले असतात, आणि एखादा मुद्दाम स्टिक तपासत वेळ काढत असतो. तिथून पुढचे वीस सेकंद चहा घेऊ नका.

पेनल्टी बॉक्सचा हिशोब

पाय अडकवून पाडणं, स्टिकनं ओढणं, पक नसलेल्याला अडवणं, स्टिक तोंडाला लागणं, असे साधे फाउल दोन मिनिटांचे. त्यांना मायनर म्हणतात. फाउल करणारा पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. समोरच्याला मिळालेली ही संधी म्हणजे पॉवर प्ले. गंभीर फाउल पाच मिनिटांचा, त्याला मेजर म्हणतात.

अण्णांना समजावताना कबड्डी उपयोगी पडली. कबड्डीत तुमचा बाद गडी परत येतो तो तुम्ही समोरच्याचा गडी मारलात की. इथे उलटं. मायनर पेनल्टीतला गडी दोन मिनिटं संपली की येतो, किंवा समोरच्यानं तुमच्यावर गोल केला की येतो. "म्हंजी मार खाल्ला की माणूस परत?" अण्णांनी विचारलं. हो. मेजरला मात्र ही सूट नाही. समोरच्यानं कितीही गोल केले तरी पाच मिनिटं पूर्ण भोगावी लागतात.

मायनरही पूर्वी पूर्ण भोगावा लागायचा. ५ नोव्हेंबर १९५५ ला मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्होनं बॉस्टनविरुद्ध एकाच पॉवर प्लेत ४४ सेकंदांत तीन गोल ठोकले. मॉन्ट्रियलचा पॉवर प्ले इतका जबर होता की पुढच्या हंगामापासून, एक गोल झाला की मायनर संपला, असा नियम झाला.

एवढ्या भांडवलावर आता एक पॉवर प्ले सेकंदासेकंदानं बघू. सामना मनातलाच, लाल जर्सी विरुद्ध पांढरी. दुसरा भाग चालू आहे. एनएचएलचं घड्याळ उलटं चालतं, म्हणजे उरलेला वेळ दाखवतं.

घड्याळात ११:२८. लाल बचावपटूनं पांढऱ्या खेळाडूला पाय अडकवून पाडलं. नारंगी पट्टीचा हात वर, पण शिट्टी नाही, कारण पक अजून पांढऱ्यांकडे आहे आणि फाउल झालेल्या संघाचा हल्ला मोडायचा नसतो. पांढऱ्यांचा गोलकीपर लगेच बेंचकडे पळतो आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर उडी मारतो. नवख्याला हा वेडेपणा वाटतो, गोल मोकळा सोडला! पण लालच्या कुणाचाही पकला ताबा मिळताक्षणी शिट्टी होणार आहे, त्यामुळे लालना गोल करायची संधीच जवळपास नाही. धोका उरतो तो पांढऱ्यांच्याच चुकलेल्या पासचा. या काळात पांढऱ्यांनी गोल केला तर तो मोजतात आणि मायनर रद्द होतो.

११:२०. लालनं पक ताब्यात घेतला, शिट्टी. दोषी गडी बॉक्समध्ये, पेनल्टी ९:२० पर्यंत. फेसऑफ लाल गोलशेजारी. गोलकीपर सोडून पांढरे पाच, लाल चार.

११:१५. लालनं फेसऑफ जिंकला आणि बचावपटूनं बोर्डालगत पक सरळ पलीकडच्या टोकाला पाठवला. आयसिंग? चौथा प्रश्न आठवा. गडी कमी आहे, म्हणून माफी. पांढऱ्यांच्या गोलकीपरला मागे जाऊन पक आणावा लागला. एवढ्यात पंधरा सेकंद गेले, आणि त्या पंधरा सेकंदांत लालनं चारही गडी बदलून घेतले. कमी गड्यांचा संघ दोन मिनिटं काढतो ती अशी. लांब फेकायचं आणि ताजी माणसं आणायची.

अमेरिकेतल्या मुलांच्या सामन्यात हे दृश्य वेगळं दिसेल. तिथे चौदा वर्षांखालच्या आणि त्याहून लहान गटांत, गडी कमी असला तरी आयसिंगची माफी नाही. मुलांनी पक भिरकावण्याऐवजी डोकं लढवून बाहेर काढायला शिकावं, असा त्यामागे हेतू आहे.

११:००. पांढरे परत आले. पक घेऊन येणारा वेगात आहे, पण उजव्या कडेचा गडी उतावीळ झाला आणि दोन्ही स्केट रेषेच्या आत टाकून बसला. पकवाल्यानं ते पाहिलं आणि पक कोपऱ्यात ढकलला. लाइन्समनचा हात वर. पांढरे रेषा शिवायला बाहेर आले, तोवर लालनं पक घेऊन परत पलीकडे पाठवला. आणखी पंधरा सेकंद गेले. पॉवर प्लेत पांढरे स्वतःच्या चुकीनं वेळ घालवतात तो बहुतेक इथेच, निळ्या रेषेवर. टीव्हीवर सगळे नेमबाजीबद्दल बोलतात, पण पक आत नेताच आला नाही तर नेम काय कामाचा.

१०:४५. या वेळी नीट आत शिरले. एक जण निळ्या रेषेशी मधोमध, दोघे दोन बाजूंच्या वर्तुळांत, एक मध्ये, एक गोलच्या तोंडाशी. लालचे चार जण गोलसमोर चौकोन करून उभे. चौकोन फुटत नाही तोवर बरी संधी मिळत नाही. म्हणून पांढरे पक झपाझप इकडून तिकडे खेळवतात. गोलकीपरला आडवं सरकायला लावायचं आणि तो पोचायच्या आत, आलेला पक न थांबवता थेट मारायचा. पक कुठे आहे त्यापेक्षा चौकोनाचा आकार बघा. एक लाल गडी बाजूला ओढला गेला की दोन सेकंदांत शॉट येतो.

१०:३०. घाईत एका लाल बचावपटूनं आपल्या भागातून पक वर उचलला आणि तो कशालाही न लागता थेट काचेवरून प्रेक्षकांत गेला. एनएचएलमध्ये हा वेळकाढूपणाचा फाउल, आणखी दोन मिनिटं. चुकून झालं तरी दया नाही. दुसरी पेनल्टी ८:३० पर्यंत. आता पाचास तीन. यापुढे लालचा आणखी कुणी दोषी ठरला तरी बर्फावर तिनापेक्षा कमी स्केटर होत नाहीत, नवी पेनल्टी रांगेत थांबते.

९:५०. पांढऱ्यांचा गोल. कोण सुटला? दोघांत आधी बसलेला, ज्याचे फक्त तीस सेकंद उरले होते, तो. दुसरा बसूनच आहे, त्याचे ऐंशी सेकंद बाकी. म्हणजे गोल खाऊनही लाल अजून एक गडी कमीच. फेसऑफ मैदानाच्या मधोमध, खेळ पाचास चार, ८:३० पर्यंत.

८:३०. बॉक्सचं दार उघडलं. या क्षणी पेनल्टीवाला नेमका कुठे आहे ते बघा. बॉक्स मैदानाच्या मध्याजवळ असतो आणि पांढरे सगळे लालच्या गोलकडे गुंतलेले. पक त्याच क्षणी मोकळा झाला तर बॉक्समधून निघालेला गडी सगळ्या बचावाच्या पाठीमागे एकटाच असतो. अनुभवी संघ शेवटच्या पाच सेकंदांत एक बचावपटू मागे घेतात ते यासाठीच.

एनएचएलमध्ये साधारण पाच पॉवर प्लेंत एक गोल होतो. चार वेळा लालसारखे संघ सुटतात. काचेवरून पक गेला नसता तर आपले लालही बहुधा सुटले असते.

धडक कुणाला मारता येते आणि कुणाला नाही

नातवाचा सामना बघताना अण्णांचा मुख्य आक्षेप हा होता: "टीव्हीवर धाडधाड आदळत्यात, आन् हितं पोराचा नुसता खांदा लागला तर शिट्टी!"

बॉडीचेक म्हणजे पक असलेल्या खेळाडूला खांद्यानं, नितंबानं किंवा धडानं धडक देऊन पकपासून तोडणं. मोठ्यांच्या खेळात ती चालते, पण अटी आहेत. पक ज्याच्याकडे आहे किंवा नुकताच होता त्यालाच. मागून नाही. उडी मारून किंवा लांबून धावत येऊन नाही. बोर्डाजवळ असहाय असलेल्याला भिंतीत फेकून नाही. डोक्याला लक्ष्य करून नाही. हा शेवटचा नियम एनएचएलनं २०१० मध्ये, डोक्याला बसलेल्या काही भयंकर धडकांनंतर आणला. यातली एक अट मोडली की पेनल्टी.

लहान मुलांना तर धडकच बंद. कॅनडाच्या हॉकी संघटनेनं २०१३ मध्ये ठरवलं की अकरा-बारा वर्षांच्या गटात आणि त्याखाली बॉडीचेक नाही. अमेरिकेनं ते २०११ च्या हंगामापासूनच केलं होतं. आता दोन्हीकडे साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या गटापासून, तेही स्पर्धात्मक संघांत, धडक सुरू होते.

हे ठरवायला नुसती भीती पुरली नसती. योगायोगानं कॅनडातच तुलना करता येण्यासारखी परिस्थिती होती. क्वेबेक प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना धडक आधीपासून बंद होती आणि अल्बर्टात चालू. दोन्हीकडच्या दोन हजारांहून जास्त मुलांवर संशोधकांनी एक हंगाम नजर ठेवली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: अल्बर्टातल्या मुलांना इजा होण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त, आणि मेंदूला हादरा बसण्याचंही तसंच. खेळ तोच, वय तेच, फरक मुख्यतः नियमाचा.

विरुद्ध बाजूचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. लहानपणी धडक घ्यायला शिकला नाही तर चौदाव्या वर्षी एकदम मार बसेल, असं प्रशिक्षक म्हणायचे. पुढच्या वर्षी तेरा-चौदाच्या मुलांवर तेही तपासलं गेलं. एकूण इजांत ठळक फरक निघाला नाही, पण आठवड्याहून जास्त बाहेर बसवणाऱ्या इजा, आधी धडकेचा अनुभव असलेल्यांत काहीशा कमी निघाल्या. म्हणजे त्या युक्तिवादात थोडं तथ्य होतं. पण अकरा-बाराव्या वर्षी तिप्पट जोखीम घेऊन तो फायदा विकत घ्यायचा, हा सौदा मला तरी पटत नाही. त्या वयात एकाच संघात एक मुलगा मिसरूड फुटलेला असतो आणि दुसरा अजून चौथीतला दिसतो. वय तेच, पण वजनात आणि वेगात प्रचंड तफावत, आणि स्केटवर वेग कुणाच्याच हातात पूर्ण नसतो.

महिलांच्या हॉकीची गोष्ट वेगळी. १९९० मध्ये ओटावात पहिली महिला जागतिक स्पर्धा झाली तेव्हा धडक चालत होती. नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती काढून टाकली, कारण तेव्हा देशादेशांतल्या खेळाडूंच्या ताकदीत आणि अनुभवात फार दरी होती. आता वारं उलट फिरलंय. स्वीडनच्या वरच्या महिला लीगनं २०२२ च्या हंगामापासून धडकेला मुभा दिली, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या उत्तर अमेरिकेच्या महिला व्यावसायिक लीगमध्येही अंगाला अंग भिडवायला बरीच मोकळीक आहे. २०२५ च्या महिला आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या भारताच्या मुली, त्यातल्या बहुतेक लडाखच्या, आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात. त्यांचे सामने बघताना एनएचएलचा चष्मा काढून ठेवा.

धडक बंद म्हणजे स्पर्श बंद नव्हे, हे मात्र अण्णांना पटायला वेळ लागला. धडक बंद असलेल्या गटातही खांद्याला खांदा लावून पकसाठी झुंजता येतं, अंग मध्ये घालून वाट अडवता येते, आणि स्केटिंगच्या कोनानं समोरच्याला बोर्डाकडे रेटत नेता येतं. पंच बघतात तो हेतू. पक मिळवायला अंग लागलं की माणूस उडवायला अंग वापरलं? आणि बघायला सोपी खूण ही: धडक देणाऱ्याची स्टिक बर्फावर, पकजवळ होती का? स्टिक पकवर असेल आणि दोघे एकाच दिशेनं चालले असतील, तर बहुतेक शिट्टी होत नाही. स्टिक हवेत, हात छातीशी आणि समोरून वेग घेऊन आला, तर पेनल्टी.

अमेरिकेतल्या मुलांच्या सामन्यात या फाउलची खूण अशी असते: रेफ्री एका हाताचा तळवा छातीसमोरून नेऊन विरुद्ध बाजूच्या खांद्यावर ठेवतो. तो दिसला की घड्याळ बघून ठेवा. दोन मिनिटं, एक गडी कमी, आणि तिथे तर लांब पक फेकायचीही सोय नाही.